डोकं कधीपासून दुखतंय?

१६ जानेवारी २०२१ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जम्बो कोविड केंद्रात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत मुंबईतलं लसीकरण सुरू झालं. वांद्रे पश्चिमेचं भाभा रुग्णालयही पहिल्या दिवसाच्या केंद्रांपैकी एक होतं. पहिल्या टप्प्यात लस आरोग्यसेवकांसाठी होती. दंडावर टोचून झालं की प्रत्येकाला निरीक्षण कक्षातल्या खुर्चीवर अर्धा तास बसवून ठेवत. हा अर्धा तास तीव्र ॲलर्जीसाठी राखलेला होता, कारण श्वास अडकणं, अंगभर गांधी उठणं, रक्तदाब कोसळणं हे व्हायचंच असेल तर बहुधा टोचल्यानंतर काही मिनिटांतच होतं. लस घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना जिचा त्रास झाला ती डोकेदुखी मात्र त्या खुर्चीवर क्वचितच दिसली. ती रात्री, आपापल्या घरी, झोपेतून उठवून आली.

हा उशीर समजला तर विषयाचा बराचसा उलगडा होतो. लसीनंतर किंवा रक्तदानानंतर डोकं दुखू लागलं की आपण एकमेकांना विचारतो, 'किती दुखतंय?' डॉक्टर त्याआधी विचारतात, 'कधीपासून दुखतंय?' साधी डोकेदुखीही चांगलीच ठणकू शकते, आणि गंभीर डोकेदुखीची सुरुवात अगदी मवाळ असू शकते. त्यामुळे किती दुखतं यावरून फारसं कळत नाही. दुखणं किती तासांनी किंवा कितव्या दिवशी सुरू झालं यावरून पुष्कळ कळतं, कारण शरीरात जे घडतं ते ठरावीक क्रमाने घडतं आणि प्रत्येक टप्प्याला आपापला वेळ लागतो.

लस आणि रक्तदान हे दोन विषय एका प्रकरणात घेण्याचं कारणही त्याच वर्षाचं आहे. मार्च २०२१मध्ये राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने कोविड लसीच्या शेवटच्या डोसनंतर २८ दिवस रक्तदान करू नये असं ठरवलं. मे महिन्यात ही मुदत १४ दिवसांवर आली. मधल्या काळात रक्तपेढ्यांमधला साठा आटण्याची भीती होती, म्हणून मुंबईत ठिकठिकाणी 'आधी रक्तदान, मग लस' असं आवाहन झालं. पुष्कळांनी ते ऐकलं आणि आठवडाभरात दोन्ही केलं. त्यामुळे दोन वेगळ्या कारणांनी येणारी डोकेदुखी एकाच माणसाला पाठोपाठ झाली असणार.

असा एक माणूस डोळ्यांसमोर आणू या. वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत राहणारे एक गृहस्थ, वय ४८, वजन ६२ किलो, मायग्रेन वगैरे काही नाही. एप्रिलमधल्या एका रविवारी जवळच्या शाळेतल्या शिबिरात त्यांनी रक्त दिलं आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी कोविशील्डचा पहिला डोस घेतला. गृहस्थ कल्पित आहेत, त्यांच्या शरीरात घडणारं सगळं मात्र खरं.

रविवारपासून सुरुवात करू. प्रौढ पुरुषाच्या अंगात किलोमागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असतं. ६२ किलोंचे सव्वाचार लिटरच्या आसपास झाले. आपल्याकडे ५५ किलोंहून अधिक वजनाच्या दात्याकडून ४५० मिलिलिटर घेता येतं आणि ४५ ते ५५ किलोंच्या दात्याकडून ३५०. म्हणजे या गृहस्थांच्या अंगातलं दहा टक्क्यांहून थोडं जास्त रक्त दहा मिनिटांच्या आत पिशवीत गेलं. बाईंच्या अंगात किलोमागे रक्त थोडं कमी, ६५ मिलिलिटरच्या घरात असतं. ४५ किलोंच्या बाईने ३५० मिलिलिटर दिलं तर तिचा वाटा बारा टक्क्यांवर जातो. म्हणून पिशवी लहान असूनही, लहानखुऱ्या आणि पहिल्यांदाच रक्त देणाऱ्या दात्यांना चक्कर, मळमळ जास्त होते.

इतकं रक्त कमी झालं की मानेतल्या मोठ्या रोहिणीत असलेल्या दाब मोजणाऱ्या मज्जातंतूंना ते लगेच कळतं. हृदय थोडं जलद चालतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, पेशींच्या आजूबाजूचं पाणी रक्तात ओढलं जातं, मूत्रपिंड पाणी आणि मीठ राखून ठेवतं. ही भरपाई बहुतेकांना जाणवतही नाही. पण त्या दिवशी पाणीच कमी प्यालेलं असेल तर भरपाईसाठी ओढायला शिल्लक कमी राहते. मेंदूला रक्त पुरेसं मिळतं, पण ते मिळवून देण्यासाठी रक्तवाहिन्यांना सतत जुळवून घ्यावं लागतं. मेंदू स्वतः दुखत नाही. त्यात वेदना जाणणारे तंतूच नाहीत. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं आणि त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या. तिथल्या ओढाताणीतून कपाळावर किंवा डोक्याभोवती पट्टा बांधल्यासारखा जडपणा येतो.

आपल्या गृहस्थांनी त्या दिवशी काय काय केलं होतं? 'गर्दी व्हायच्या आत जाऊन येऊ' म्हणून ते सकाळचा चहा न घेता निघाले. नाश्ता म्हणजे दोन बिस्किटं. रांग शाळेच्या उघड्या पटांगणात होती आणि एप्रिलमधल्या उकाड्यात ते तास-दीड तास उभे राहिले. रक्त दिल्यावर मिळालेलं सरबत अर्धं टाकून लगेच उठले, कारण घरी भाजी न्यायची होती. दुपारी एकच्या सुमाराला डोकं जड झालं.

यात रक्त गेल्याचा वाटा आहे, पण सगळा दोष रक्ताचा नाही. घामावाटे गेलेलं पाणी आहे, उपाशीपोटी खाली आलेली साखर आहे आणि चुकलेला चहाही आहे. रोज ठरावीक वेळी दोन-तीन कप चहा पिणाऱ्याचा चहा चुकला तर शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरतं. आदल्या संध्याकाळी पाचचा कप शेवटचा असेल तर दुसऱ्या दिवशीची दुपार बरोबर त्या मुदतीत येते. रक्त देण्याआधी चहा घ्यायचा नसतो हा समज निराधार आहे. मला तर वाटतं, रक्तदानानंतर दुखणाऱ्या कित्येक डोक्यांचं उत्तर सकाळच्या त्या कपात आहे. रोज घेत असाल तर त्या दिवशीही घ्या. उपास असेल तर त्या दिवशी रक्त देऊ नका. सुई टोचण्यापूर्वी अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी प्या. याने चक्कर येण्याचं प्रमाण कमी होतं हे तपासून पाहिलेलं आहे.

ही डोकेदुखी उताणं पडल्यावर उतरते. पाय थोडे उंच ठेवून अर्धा तास आडवं झालं, दोन-तीन पेले पाणी पोटात गेलं, वरणभात खाल्ला की संध्याकाळपर्यंत डोकं हलकं होतं. रक्तातला पाण्याचा भाग साधारण एक ते दोन दिवसांत भरून निघतो, आणि ही डोकेदुखीही बहुतेकांची तेवढ्याच मुदतीत संपते. तांबड्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात आणि गेलेलं लोह भरून यायला त्याहून जास्त. म्हणूनच पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवायला सांगतात. पण तांबड्या पेशी तात्पुरत्या कमी झाल्याने निरोगी माणसाचं डोकं आठवडाभर दुखत नाही. रक्त देऊन चार दिवस झाले तरी रोज डोकं दुखतंय, जिना चढताना धाप लागते, उभं राहिलं की अंधारी येते, असं असेल तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. आधीच काठावर असलेलं लोह अशा वेळी उघडं पडतं.

आडवं झाल्यावर उतरणारी डोकेदुखी ही खूण लक्षात ठेवा. पुढे तिची उलट बाजू येणार आहे.

रक्तदानानंतरची खरी काळजी डोकेदुखीत नसून पडण्यात असते. काहींना खुर्चीवरून उठताच भोवळ येते. शिबिरात ती आली तर स्वयंसेवक धरतात, खाट असते. पण काही जणांना ती तास-दोन तासांनी, क्वचित त्याहूनही उशिरा येते. तेव्हा माणूस न्हाणीघरात असतो, जिन्यावर असतो किंवा लोकलच्या दाराशी उभा असतो. पडताना डोकं आपटलं आणि नंतर ते दुखत असेल, तर ती रक्तदानाची डोकेदुखी म्हणून सोडून देऊ नये. दुखणं वाढत चाललं, दोनपेक्षा जास्त वेळा उलटी झाली, माणूस पेंगुळला किंवा नीट बोलेना, हातपाय एका बाजूचे ढिले पडले, नाकाकानातून रक्त किंवा पाणी आलं, तर लगेच रुग्णालय गाठायचं. तिथे डोक्याचं सीटी स्कॅन करून आत रक्तस्राव नाही ना हे पाहतात. म्हणून रक्त दिल्यावर निदान पंधरा मिनिटं बसून राहायचं, दिलेलं सरबत पूर्ण प्यायचं आणि त्या दिवशी गर्दीच्या डब्यात दारात उभं राहायचं नाही. कोणी जागा देत नसेल तर सांगावं, "दादा, आत्ताच रक्त देऊन आलोय, जरा बसू द्या." मुंबईत या वाक्याला नकार देणारा सहसा भेटत नाही.

आता गुरुवार. सोमवार-मंगळवारपर्यंत गृहस्थ ठणठणीत झाले होते. गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्या डाव्या दंडात अर्धा मिलिलिटर कोविशील्ड टोचली गेली. त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये चिंपांझीला सर्दीपडसं करणाऱ्या एका विषाणूचे, वाढू न शकणारे असे बदल केलेले कण असतात. एका डोसमध्ये त्यांची संख्या ५,००० कोटींच्या घरात असते. ते दंडाच्या पेशींत शिरून कोरोनाच्या काट्याचा आराखडा पोहोचवतात.

शरीराच्या दृष्टीने हा हल्लाच. हल्ला ओळखणाऱ्या पेशी पहिल्या काही तासांत निरोप्या रसायनांचा पूर सोडतात: इंटरफेरॉन, इंटरल्युकिन अशी त्यांची नावं. ही रसायनं रक्तातून फिरतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरापाशी ती पोहोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो मेंदूतल्या तापमान ठरवणाऱ्या केंद्राला वरचं तापमान धरायला लावतो, म्हणून थंडी वाजून ताप भरतो. त्याच वेळी डोक्याच्या आवरणांतले वेदनेचे तंतू हळवे होतात, म्हणून डोकं दुखतं. फ्लू झाल्यावर अंग मोडून येतं, डोकं दुखतं, ते याच वाटेने. फरक इतकाच की फ्लूमध्ये विषाणू वाढत राहतो आणि निरोप जात राहतात, तर लसीतलं सामान वाढत नाही. पूर येतो आणि ओसरतो.

या पुराला चढायला काही तास लागतात. म्हणून सकाळी अकराला टोचलेल्या लसीचं डोकं रात्री एकला दुखतं. या लसीनंतरच्या डोकेदुखीचा जर्मनीतल्या संशोधकांनी दोन हजारांहून अधिक लोकांकडून माहिती घेऊन अभ्यास केला. सरासरी साधारण साडेचौदा तासांनी दुखणं सुरू होत होतं आणि सरासरी सोळा तास टिकत होतं. बहुतेकांचं दोन्ही बाजूंनी दुखत होतं, पुष्कळांचं कपाळ आणि कानशिलांपाशी, दाबल्यासारखं. सरासरीचा अर्थ काहींचं लवकर, काहींचं उशिरा असा असतोच. तरी दोन ते तीन दिवसांच्या आत जवळजवळ सगळ्यांचं उतरतं. आपल्या गृहस्थांना मध्यरात्री हुडहुडी भरली, ताप १०१पर्यंत गेला, डोकं ठणकलं. शुक्रवारी दिवसभर अंग मोडलेलं राहिलं, संध्याकाळी चहा गोड लागला आणि शनिवारी ते विसरूनही गेले.

कोविशील्डचा त्रास तरुणांना जास्त आणि साठीपुढच्यांना कमी झाला, पहिल्या डोसला जास्त आणि दुसऱ्याला कमी. तरुण शरीर निरोप जोरात पाठवतं आणि उतारवयात हा जोर कमी होतो. पण ज्याचं डोकं दुखलं नाही त्याला लस लागू पडली नाही असं समजू नये. डोकेदुखी न होताही प्रतिपिंडं उत्तम तयार झालेली असंख्य माणसं आहेत.

आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती ऐकून लोकांना राग येतो आणि तो अनाठायी आहे. कोविड लसींच्या चाचण्यांमध्ये निम्म्यांच्या आसपास लोकांना लसीऐवजी मिठाचं पाणी किंवा तसंच निरुपद्रवी काही टोचलेलं होतं, आणि कोणाला काय मिळालं हे त्यांना ठाऊक नव्हतं. अशा बारा चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा पहिल्या नकली डोसनंतरही शंभरातल्या सुमारे १९ जणांनी डोकेदुखीची तक्रार केली होती. ही माणसं ढोंगी नव्हती. जागरण, ऊन, रांगेतला ताण, 'आता काहीतरी होणार' ही धाकधूक यांनी डोकं खरोखर दुखतं. शिवाय डोकेदुखी इतकी नेहमीची आहे की कुठल्याही दिवशी शंभरातल्या काहींचं डोकं दुखतच असतं. एरवी आपण ते लक्षात ठेवत नाही, लस घेतलेल्या दिवशी ठेवतो. याचा उपयोग एवढाच, की धीर धरणं हाही उपचाराचा खरा भाग आहे.

औषध म्हणाल तर पॅरासिटामॉल. प्रौढाने ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, पुढची सहा तासांच्या अंतराने, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिणं होत असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन्ही एकदम घेतल्या तर मात्रा नकळत दुप्पट होते. त्रास सुरू होण्याआधीच, लस घ्यायला निघतानाच गोळी घेण्याची गरज नाही. झेक देशातल्या बाळांवरच्या एका अभ्यासात आधीपासून पॅरासिटामॉल दिल्यावर काही लसींची प्रतिपिंडं कमी दिसली होती. ऑक्सफर्डच्या कोविड लसीच्या चाचणीत मात्र आधी दिलेल्या गोळीने त्रास कमी झाला आणि प्रतिपिंडं घटली नाहीत. माझं मत विचाराल तर दुखल्यावर घ्यावी, आधी नको. आणि डोकं दुखत असताना 'लसीचं काम बिघडेल' म्हणून सोसत बसू नये. रक्तदानानंतरही पॅरासिटामॉलच बरी. ॲस्पिरिनसारख्या गोळीने सुईच्या जागी रक्त साकळून काळंनिळं होण्याची शक्यता वाढते.

आता त्या दुसऱ्या खुणेकडे येऊ. समजा हेच गृहस्थ शनिवारपासून बरे होते आणि पुढच्या आठवड्यात, लसीच्या नवव्या दिवशी, त्यांचं डोकं पुन्हा दुखू लागलं. ताप नाही. दुखणं रोज वाढतंय. पॅरासिटामॉलने तासभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. आडवं झालं की जास्त दुखतं, पहाटे जाग येते, खोकलं किंवा वाकलं की ठणका उठतो. समोरचं थोडं धूसर दिसतं. इथे घड्याळ वेगळी गोष्ट सांगतंय.

निरोप्या रसायनांचा पूर केव्हाच ओसरलेला आहे. नवव्या दिवशी शरीरात नवीन काय असतं? प्रतिपिंडं. ती तयार व्हायला पाच दिवस ते दोन आठवडे लागतात. अत्यंत क्वचित, या प्रकारच्या लसीनंतर काही जणांत चुकीची प्रतिपिंडं तयार झाली, जी प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाला चिकटतात. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. त्या भडकतात, एकमेकींना चिकटतात, रक्ताच्या गुठळ्या करतात आणि या कामात स्वतः खर्ची पडतात. त्यामुळे एकाच माणसात गुठळ्याही होतात आणि प्लेटलेटही कमी होतात. गुठळी मेंदूतून अशुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या नीलेत अडकली, तर मोरीची जाळी तुंबल्यासारखं रक्त मागे साठतं आणि कवटीतला दाब वाढतो. आडवं झाल्यावर डोक्यातून रक्त उतरायला गुरुत्वाकर्षणाची मदत मिळत नाही, दाब आणखी चढतो, म्हणून दुखणं वाढतं. रक्तदानाची डोकेदुखी आडवं झाल्यावर उतरत होती आणि ही वाढते. एकीत रक्ताचं प्रमाण थोडं कमी झालेलं असतं, दुसरीत बाहेर जाणारी वाट अडलेली असते.

युरोपच्या औषध नियामकांनी ७ एप्रिल २०२१ला या लसीशी अशा गुठळ्यांचा संबंध मान्य केला. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ला सांगितलेला आकडा होता: कोविशील्डच्या दर दहा लाख डोसमागे ०.६१. म्हणजे वानखेडे स्टेडियम पन्नासदा भरेल एवढ्या माणसांत जेमतेम एक. इतकी दुर्मीळ गोष्ट एवढी विस्ताराने सांगायचं कारण असं, की वेळेवर ओळखली तर तिच्यावर उपाय आहे, आणि ओळखण्याची पहिली तपासणी साधी, स्वस्त आहे. कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत होणाऱ्या सीबीसीमध्ये प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आहेत का हे कळतं. त्या कमी असतील तर डी-डायमर आणि मेंदूच्या नीलांचं विशेष स्कॅन करतात. मंत्रालयाने तेव्हा लसीनंतर वीस दिवस लक्ष ठेवायला सांगितलं होतं. सतत राहणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, झटका येणं, हातापायाची शक्ती जाणं, पाय दुखून सुजणं, छातीत किंवा पोटात सतत दुखणं, टोचलं होतं त्यापासून दूर त्वचेवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उठणं, या खुणा सांगितल्या होत्या. डॉक्टरकडे जाताना 'मला अमुक तारखेला अमुक लस दिली' हे आपण होऊन सांगावं. नवव्या दिवशीच्या डोकेदुखीत ती तारीख कोणी विचारेलच असं नाही.

कोविशील्ड आता मागे पडली. पण फ्लूची, टायफॉइडची, धनुर्वाताची, कुत्रा चावल्यावरची लस आपण घेतच असतो आणि त्यांनाही हेच घड्याळ बरंचसं लागू पडतं: त्रास झाला तर पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि दोन-तीन दिवसांत संपलेला. याला मोठा अपवाद गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा. तिच्यात जिवंत पण अशक्त केलेले विषाणू असतात, ते आधी थोडे वाढतात, म्हणून ताप, अंगावर पुरळ आणि डोकेदुखी सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येऊ शकते. तिथे उशीर हाच नेम असतो. मायग्रेनवाल्यांना कुठल्याही लसीनंतर आपला नेहमीचा झटका येऊ शकतो. तो ओळखीचा असेल तर नेहमीचंच औषध घ्यावं. 'असं कधी दुखलं नव्हतं' असं वाटलं तर मात्र तपासून घ्यावं. आणि मिनिटाभरात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी, किंवा मान वाकवता न येणारी, ती लसीनंतर असो, रक्तदानानंतर असो की आधी काहीही झालेलं नसो, थेट तातडीच्या विभागात न्यायची.

पावसाळ्यात मुंबईकराने आणखी एक हिशेब करायचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये शहरात मलेरिया, डेंगी, लेप्टो असतात आणि तिन्हींची सुरुवात ताप आणि डोकेदुखीने होते. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मिठीकाठच्या वस्त्यांनी लेप्टोची साथ पाहिली आहे. अशा दिवसांत लस घेतली, चौथ्या दिवशी ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर 'लसीचंच असणार' म्हणून घरी बसलं की मलेरियाचे मोलाचे दिवस वाया जातात. अठ्ठेचाळीस तासांनंतर नव्याने चढलेला किंवा तीन दिवसांनीही न उतरलेला ताप लसीच्या खात्यावर टाकू नये. रक्त तपासून घ्यावं, आणि साचलेल्या पाण्यातून चालणं झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

रक्तदात्यासाठी यात एक काम जास्तीचं आहे. रविवारी रक्त दिलं आणि मंगळवारी-बुधवारी ताप येऊन डोकं दुखू लागलं, तर तो ताप रक्तदानाने येत नाही; रक्त देताना अंगात आधीच काहीतरी मुरत होतं अशी शक्यता असते. मलेरियाचे जंतू रक्ताबरोबर रुग्णाच्या अंगात जातात. रक्तपेढी प्रत्येक पिशवी मलेरियासाठी तपासते, पण जंतू अगदी थोडे असतील तर ते तपासणीतून निसटू शकतात. तुमची पिशवी तेव्हा बहुधा पेढीच्या शीतकपाटात असते, कारण तांबड्या पेशी तिथे पाच आठवड्यांपर्यंत टिकतात. दात्याच्या कार्डावर रक्तपेढीचा दूरध्वनी क्रमांक आणि पिशवीचा क्रमांक छापलेला असेल तर तो वाचून, नसेल तर शिबिराची तारीख आणि ठिकाण सांगून कळवायचं: "परवा रक्त दिलं होतं, आज ताप आलाय." पेढी ती पिशवी बाजूला काढून ठेवते, आणि ती आधीच कोणाला दिली असेल तर त्या रुग्णाच्या डॉक्टरांना सावध करते.